पिवळा चौकोन कशाचा?

ताटलीत पिवळे जाळीदार चौकोन, वर मोहरी, कढीपत्ता आणि मिरच्या. असा फोटो आला की आपण बेधडक ‘ढोकळा’ म्हणून मोकळे होतो, पण बहुतेक वेळा तो असतो खमण. नुसत्या रंगावर जाऊ नका, कडेची कापलेली बाजू मोठी करून पाहा. भोकं मोठी, तुकडा केकसारखा फुगलेला आणि वरून ओलसर चमकणारा असेल, तर ते झटपट खमण: बेसन, आंबटपणाला दही किंवा लिंबूसत्त्व, फुगायला सोडा, आणि वरून ओतलेलं फोडणीचं साखरपाणी. चमक त्या पाण्याची. त्यात कुठे लालसर ठिपके दिसले तर सोडा नीट मिसळला नव्हता, हे खुशाल समजा. हळदीची सोड्याशी गाठ पडली की ती लाल होते. मिठाईच्या दुकानातही हे ठिपके दिसतात, तिथे मी पुढचं दुकान गाठतो. जाळी बारीक, रंग फिकट आणि पृष्ठभाग कोरडा असेल, तर तांदूळ आणि हरभरा डाळ भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेला खरा ढोकळा धरायला हरकत नाही. पांढराशुभ्र, पातळ आणि वर मिरपूड भुरभुरलेली असेल तर तो इदडा. त्यात डाळ उडदाची. पीठ नुसतं दह्याने आंबट केलंय की खरंच आंबवलंय, हे मात्र फोटो सांगत नाही. त्यासाठी एक तुकडा तोंडातच टाकावा लागतो.