नाणी त्याने टाकली, पडतं मी घ्यायचं?

गेल्या शनिवारी आमच्याकडे यी चिंगला कौल लावला गेला. निमित्त असं, की मला म्युनिकची दोन वर्षांची ऑफर आलीय आणि नवऱ्याला इथे पुण्यात टीम लीड व्हायचंय. तीन आठवडे वाद घालून दोघंही दमलो होतो. शेवटी त्याने शेल्फवरचं विल्हेल्मचं भाषांतर काढलं (मूळ जर्मन १९२४ चं, आमच्याकडे त्याचं इंग्रजी), एक रुपयाची तीन नाणी घेतली आणि विचारलं, "ह्या निर्णयात पुढे कोणी व्हायचं आणि मागे कोणी?"

पद्धत सोपी आहे. छापा म्हणजे ३, काटा म्हणजे २. तिन्ही नाण्यांची बेरीज ७ किंवा ९ आली तर अखंड रेष, ६ किंवा ८ आली तर मधे तुटलेली. असं सहा वेळा करायचं आणि रेषा खालून वर रचत जायच्या. त्यात ६ आणि ९ ह्या 'बदलत्या' रेषा. त्या उलटवल्या की दुसरी आकृती मिळते.

पहिल्याच फेकीत तीन काटे, म्हणजे ६. पुढे पाचही वेळा ८. सहाच्या सहा रेषा तुटलेल्या! म्हणजे दुसरी आकृती, ख्वन: पृथ्वी, घोडी, स्वीकारणारी. (शक्यता ६४ त १. एवढं गणित इंजिनियरिंगमधून उरलंय.) ह्या आकृतीचं म्हणणं साधारण असं, की आपण पुढे धावलं तर वाट चुकते, मागून गेलं तर योग्य माणूस सापडतो.

"बघ," नवरा म्हणाला, "मी नाही, पुस्तकच सांगतंय."

काय सांगतंय पुस्तक? अरे, प्रश्न तू विचारलास, नाणी तू टाकलीस. यी चिंगमधे आकृती विचारणाऱ्याची परिस्थिती दाखवते. ख्वन आली ती तुला आली! उद्या पहिली आकृती, छ्येन, आली असती, सहाही अखंड रेषा, आकाश, सर्जनशील, तर ती तू निमूटपणे माझ्या ताटात वाढली असतीस का? छ्येन आली की माझी, ख्वन आली की बायकोची. मग नाणी टाकायचीच कशाला?

दुसरं म्हणजे त्याने बदलती रेष वाचलीच नाही. बदलती रेष असेल तर उत्तराचा भर तिच्यावर असतो, आकृतीच्या सर्वसाधारण मजकुरावर नाही. आमची बदलती होती सगळ्यात खालची. तिथे म्हटलंय, की पायाखाली गोठलेलं दव लागलं तर पुढे घट्ट बर्फ येणार हे ओळखावं. जुनं भाष्य तर आणखी स्पष्ट आहे: मोठे अनर्थ एका दिवसात होत नाहीत, ते हळूहळू साचतात आणि वेळेवर कोणी बघत नाही. आता आमच्याकडचं दव बघा. २०२३ मधे मी एक ऑनसाइट सोडली. मग फ्लॅट त्याच्या ऑफिसजवळ घेतला, माझा प्रवास दीड तासाचा झाला. एकदाही भांडण झालं नाही, म्हणून कोणाला काही दिसलं नाही. हीच आकृती सहाव्या रेषेपर्यंत ताणली की तिथे उघड्या माळावर ड्रॅगन लढताहेत आणि रक्त सांडलंय. निमूट मागे चालणाऱ्या पृथ्वीचा शेवट हा असाही होतो.

आणि खालची रेष उलटवल्यावर काय मिळतं? चोविसावी आकृती, फू, म्हणजे परत येणं. पाच तुटलेल्या रेषांखाली एक अखंड रेष पुन्हा उगवते. हे पान नवऱ्याने उघडलंच नव्हतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच्या बाजूनेही एक पुरावा आहे. ख्वनच्या भाष्यात हा मार्ग पृथ्वीचा, पत्नीचा आणि मंत्र्याचा असं म्हटलंय. पण ते भाष्य मूळ रेषांच्या मजकुरानंतर काही शतकांनी जोडलेलं आहे. आणि त्याच वाक्यात मंत्रीही आहे ना! म्हणजे मॅनेजरपुढे मान डोलावणारा तूही ख्वनच. ते मात्र तू कधी पृथ्वीतत्त्व म्हणत नाहीस, 'ऑफिसचं पॉलिटिक्स' म्हणतोस.

बरं, छ्येन तरी नवऱ्यांना फुकट राज्य देते का? तिच्या सहाव्या रेषेतला ड्रॅगन फार वर जातो आणि पस्तावतो. शिवाय सहाही रेषा ९ आल्या, म्हणजे २,६२,१४४ त एकदा, तर त्यासाठी वेगळी एक ओळ आहे: ड्रॅगनांचा थवा दिसतो, त्यात म्होरक्या कोणीच नाही, आणि हे शुभ आहे. सगळ्यात पूर्ण 'पुरुषी' कौलसुद्धा 'पुढे कोण' ह्या प्रश्नाला कोणीच नाही असं सांगतो.

हे सगळं मी रविवारी चहाबरोबर वाचून दाखवलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "परत एकदा टाकू या का?"

चौथी आकृती काढून दिली. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याला तिथे उत्तर मिळत नाही. म्युनिकला मला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. नाणी सध्या रिक्षाच्या सुट्ट्या पैशांत गेलीयत, आणि आज संध्याकाळी आम्ही त्याच्या पगाराचा नि माझ्या पगाराचा एक्सेल उघडून बसणार आहोत.