डेंग्यू नाही, पण कशावरून?

पावसाळ्यात मेडिसिनच्या वॉर्डात ताप आणि कावीळ असलेला रुग्ण हमखास असतो. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी केस सांगतो, लेप्टोस्पायरोसिस असे निदान करतो आणि पुढचे एका दमात उरकतो : स्मिअर निगेटिव्ह म्हणून मलेरिया नाही, एनएस-वन निगेटिव्ह म्हणून डेंग्यू नाही, हिपॅटायटिस वाटत नाही. निदान बरोबर असल्यामुळे आपणही पुढच्या खाटेकडे वळतो. शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना आमचे सांगणे आहे की प्रश्न इथूनच सुरू व्हायला हवेत.

समजा, रुग्ण कोकणातला पस्तिशीचा शेतकरी आहे. भातलावणीत आठवडाभर खाचरात उभा होता. तापाचा आज सहावा दिवस आहे, कावीळ कालपासून दिसते, पोटऱ्या दाबल्या की तो कळवळतो. डोळे लाल आहेत, पण त्यांना चिपडे नाहीत. बिलिरुबिन १४, एएलटी ११०, क्रिएटिनिन ३.२, प्लेटलेट ४८ हजार.

आधी हिपॅटायटिस घ्या. ‘तो असता तर काय दिसले असते?’ हा प्रश्न विचारला की विद्यार्थ्याला आजाराचा क्रम आठवावा लागतो. तीव्र विषाणूजन्य हिपॅटायटिसमध्ये बहुधा कावीळ दिसू लागते तेव्हा ताप उतरलेला असतो आणि एएलटी हजाराच्या घरात जाते. इथे कावीळ गडद होऊनही ताप चढतोच आहे आणि एएलटी जेमतेम वाढलेली आहे. शिवाय मूत्रपिंड बिघडले आहे. असे उत्तर देणाऱ्याला मार्करच्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही.

डेंग्यूबाबत प्रश्न वेगळा : चाचणी तापाच्या कितव्या दिवशी केली? एनएस-वन पहिल्या चार-पाच दिवसांत भरवशाची असते, सहाव्या दिवशी ती निगेटिव्ह आली तर त्यावरून फारसे काही ठरत नाही. डेंग्यू मागे पडतो तो एवढ्या काविळीमुळे आणि क्रिएटिनिनमुळे. त्या रिपोर्टमुळे नव्हे. हाच प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निदानालाही लावावा. लेप्टोचे आयजीएम साधारण पाचव्या ते सातव्या दिवसानंतर दिसू लागते. चौथ्या दिवशी घेतलेले रक्त निगेटिव्ह आले म्हणून लेप्टो खोडायचा नसतो. काही दिवसांनी पुन्हा नमुना पाठवायचा असतो.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो मलेरियाला. कावीळ, क्रिएटिनिन, कमी प्लेटलेट हे सगळे फाल्सिपेरममध्येही असेच दिसते, त्यामुळे या रुग्णात खरा प्रतिस्पर्धी तोच. एक निगेटिव्ह स्मिअर पुरेसा नाही. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने निदान तीन स्मिअर पाहावे लागतात. आणि त्याआधी एक प्रश्न राहूनच जातो : गावातल्या डॉक्टरांनी काय औषध दिले होते? नातेवाईक ‘एक सुई मारली, गोळ्या दिल्या’ एवढेच सांगतात. खिशातले किंवा पिशवीतले गोळ्यांचे पाकीट मागून पाहणारा विद्यार्थी आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. मलेरियाची गोळी दोन दिवस पोटात गेली असेल तर त्या निगेटिव्ह स्मिअरचा अर्थच बदलतो.

स्क्रब टायफसचे नाव बहुतेक जण घेतात. त्यांना विचारा, एस्कर कुठे शोधलात? जांघ, काख, कमरपट्ट्याखालची जागा, वृषणाची त्वचा हे कपडे बाजूला सारून पाहिले का? ‘एस्कर नाही’ आणि ‘मी पाहिले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि दुसरे उत्तर प्रामाणिकपणे देणाऱ्याला झापू नये, कारण झापले की पुढच्या केसला तो न पाहताच ‘नाही’ म्हणेल. त्याला तिथेच पडदा ओढून तपासायला लावावे. नीट पाहूनही एस्कर सापडला नाही तरी स्क्रब टायफस संपत नाही; कित्येक रुग्णांत तो दिसतच नाही.

म्हणून उत्तर देताना विद्यार्थ्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात अशी सवय लावावी : हा आजार खोडला, हा कमी संभवतो, आणि याबद्दल अजून पुरेसे पाहिलेले नाही. आपल्या रुग्णात हिपॅटायटिस जवळजवळ खोडला गेला, डेंग्यू कमी संभवतो, मलेरिया आणि स्क्रब टायफस तिसऱ्या कप्प्यात आहेत.

या कप्प्यांवरच आज संध्याकाळची औषधे ठरतात, म्हणून शेवटचा प्रश्न त्यावरच विचारावा. लेप्टोसाठी सेफ्ट्रिअॅक्सोन रिपोर्टची वाट न पाहता सुरू करायचे, पण स्क्रब टायफसवर ते चालत नाही; तो उघडा असेतोवर डॉक्सिसायक्लिन जोडायचे का? रुग्ण रात्रीत गुंगीत गेला तर पुढच्या स्मिअरपर्यंत थांबायचे, की आर्टेसुनेट लगेच द्यायचे? उत्तर काहीही असो, विद्यार्थ्याने ते आपल्या ‘नाही’च्या यादीवरून सिद्ध करून दाखवावे.