सांगितलेला हप्ता आणि कापलेला हप्ता

पासबुकातील विम्याच्या नोंदीची रक्कम एजंटाने सांगितलेल्या रकमेशी जुळत नाही, अशी तक्रार व्यापारी कुटुंबांतून वारंवार ऐकू येते. अशा वेळी संशय प्रथम एजंटावर आणि मग बँकेवर जातो. वस्तुतः बहुतेक वेळा हा फरक चार भागांत विभागता येतो: मूळ हप्ता, त्यावरील कर, विलंब शुल्क आणि बँकेचे स्वतःचे शुल्क. हे चारही आकडे एकाच कागदावर क्वचितच सापडतात आणि गोंधळ तेथेच होतो.

फुलचूर येथील एका धान्य व्यापाऱ्यांचे उदाहरण घेऊ. त्यांची एंडोमेंट पॉलिसी एप्रिल २०२१ मधील असून वार्षिक हप्ता २०,००० रुपये ठरला होता. पहिल्या वर्षी खात्यातून २०,९०० रुपये गेले, पुढील तीन वर्षे २०,४५० रुपये आणि २०२५ साली एकदम २१,०४० रुपये. शिवाय त्याच वर्षी २९५ रुपयांची एक वेगळी वजावट होती. घरातील हिशेब सूनबाई पाहत असल्याने प्रश्न नाजूक झाला होता.

प्रथम कर पाहू. पॉलिसीच्या दस्तऐवजावरील हप्ता करविरहित असतो. त्या काळी एंडोमेंट पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यापैकी २५ टक्के भागावरच १८ टक्के जीएसटी लागे, म्हणजे एकूण हप्त्यावर ४.५ टक्के. दुसऱ्या वर्षापासून १२.५ टक्के भागावर, म्हणजे २.२५ टक्के. म्हणून पहिल्या वर्षी ९०० रुपये आणि नंतर दरवर्षी ४५० रुपये कर पडला. निव्वळ मुदत विम्यावर मात्र पूर्ण १८ टक्के कर होता. त्यामुळे शेजाऱ्याच्या पॉलिसीचा दर आपल्या पॉलिसीला लावून पाहू नये.

आता २०२५ चा आकडा. हप्त्याची देय तारीख १० एप्रिल होती. त्या दिवशी पैसा मालात अडकल्याने खात्यात शिल्लक अपुरी होती आणि स्वयंचलित वजावट परत गेली. परत गेलेल्या वजावटीबद्दल बँकेने २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५ रुपये आकारले. तेच ते २९५. ही रक्कम विमा कंपनीच्या पावतीवर कधीही दिसणार नाही, कारण ती कंपनीकडे गेलेलीच नाही.

वार्षिक हप्त्यासाठी सामान्यतः ३० दिवसांची सवलत असते (मासिक हप्त्यासाठी १५ दिवस) आणि त्या अवधीत विलंब शुल्क लागत नाही. आपल्या व्यापाऱ्यांनी हप्ता १० जुलैला भरला. तीन महिन्यांचे विलंब शुल्क पावतीवर ५०० रुपये होते, म्हणजे वार्षिक १० टक्के दराने. दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. येथे ध्यानात घ्यावे की सवलतीचे दिवस उलटल्यावर व्याज त्या दिवसापासून नव्हे, मूळ देय तारखेपासून मोजले गेले. त्या विलंब शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० रुपये. आता बेरीज पाहा: २०,००० अधिक ४५० अधिक ५०० अधिक ९०, एकूण २१,०४०. हिशेब चोख होता. सूनबाईंची नोंदही बरोबर होती आणि एजंटही खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त मूळ हप्ता सांगितला होता.

मात्र खरी जोखीम या ५९० रुपयांची नव्हती. सवलतीचा काळ संपल्यापासून १० जुलैपर्यंत पॉलिसी खंडित अवस्थेत होती. त्या दोन महिन्यांत अघटित घडले असते तर पूर्ण विमा रकमेचा भरवसा धरता आला नसता. खंड दीर्घ झाल्यास पॉलिसी पुन्हा सुरू करताना प्रकृतीचे घोषणापत्र, प्रसंगी वैद्यकीय तपासणीही मागितली जाते.

आता २०२५ मधील बदल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विमा आणि आरोग्य विमा यांवरील जीएसटी शून्य झाला आहे. म्हणून १० एप्रिल २०२६ च्या हप्त्यासाठी या खात्यातून बरोबर २०,००० रुपये जावयास हवेत. २०,४५० गेले तर पावती मागवून कराची ओळ पाहावी आणि कंपनीकडे लेखी विचारणा करावी. ज्यांची देय तारीख २२ सप्टेंबरपूर्वीची होती आणि बीजक आधीच निघाले होते, त्यांना नंतर भरूनही कर लागलेला असू शकतो. ती चूक समजू नये.

दुकान, गोदाम वा भात गिरणीतील मालाचा आगीचा विमा या सवलतीत येत नाही. तेथे १८ टक्के कायम आहेत. तो विमा व्यवसायाचा असल्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या कराचे क्रेडिट सामान्यतः घेता येते. त्यासाठी पॉलिसी पेढीच्या नावाने आणि पावतीवर पेढीचा जीएसटी क्रमांक असावा. तो क्रमांक आपल्या मागील पावतीवर आहे का, हे आजच पाहून घ्यावे.