सहा मिनिटांचे चार्जिंग, पण किलो कशाचा?

मे २०२५ मध्ये बेंगळुरूच्या जक्कूर भागातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने सोडियम-आयन बॅटरीविषयी एक घोषणा केली. सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणारी आणि ३,००० हून अधिक चार्ज-चक्रे टिकणारी ही बॅटरी प्रा. प्रेमकुमार सेनगुट्टुवन यांच्या गटाने विकसित केली आहे. पदार्थाचे कण अतिसूक्ष्म करणे, त्यांवर कार्बनचा पातळ थर चढवणे आणि ॲनोडच्या पदार्थात थोडे ॲल्युमिनियम मिसळणे, या तीन उपायांनी हा वेग साधला गेला. संशोधन अस्सल आहे. मात्र अशी बातमी वाचणाऱ्याने वेग आणि आयुष्य यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: तयार सेलच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ऊर्जा किती? आणि तो किलोग्रॅम नेमका कशाचा?

हा प्रश्न निघतो तो प्रयोगशाळेच्या रीतीमुळे. नवा पदार्थ बहुधा नाण्याच्या आकाराच्या सेलमध्ये तपासतात. या सेलचे पोलादी कवच काही ग्रॅमचे, तर आतला सक्रिय पदार्थ अवघा काही मिलिग्रॅमचा असतो. संपूर्ण सेलच्या वजनाने भागले तर उत्तर निरर्थक येईल, म्हणून संशोधक फक्त सक्रिय पदार्थाच्या वजनाने भागतात. दोन पदार्थांची तुलना करण्यासाठी ही रीत योग्यच आहे. चूक घडते ती पुढे, तोच आकडा बॅटरीचा म्हणून छापला जातो तेव्हा.

फरक किती पडतो, हे बाजारात रुळलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलवरून पाहता येते. त्यासाठी इलेक्ट्रोडचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा घेऊ आणि प्रातिनिधिक मापे धरू. कॅथोडवर १६ मिलिग्रॅम फॉस्फेट आहे आणि प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता ग्रॅममागे १५० मिलिअँपिअर-तास आहे. समोरच्या ॲनोडवर ८ मिलिग्रॅम ग्रॅफाइट लागते. ते गरजेपेक्षा थोडे जास्तच ठेवतात, कारण ग्रॅफाइटमध्ये जागा उरली नाही तर लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचू लागतो. सरासरी ३.२ व्होल्टला हा तुकडा सुमारे ७.७ मिलिवॅट-तास ऊर्जा देतो. सक्रिय पदार्थांचे वजन २४ मिलिग्रॅम, म्हणजे किलोग्रॅममागे ३२० वॅट-तास. कागदावरचा आकडा हाच.

आता उरलेली वजने मिळवत जाऊ. कण एकमेकांना आणि फॉइलला धरून ठेवणारा बंधक आणि वीज वाहून नेणारा कार्बन यांचे मिळून १ मिलिग्रॅम. कॅथोडखाली १३ मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची फॉइल असते. तिच्या दोन्ही बाजूंवर लेप असल्याने तिचे निम्मे वजन, म्हणजे १.८ मिलिग्रॅम, या तुकड्याच्या वाट्याला येते. ॲनोडखालची तांब्याची फॉइल अवघी ८ मायक्रॉन जाड आहे. तरीही तांब्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक असल्याने तिचा निम्मा वाटा ३.६ मिलिग्रॅम होतो. दोन्ही इलेक्ट्रोडना वेगळे ठेवणाऱ्या सच्छिद्र पडद्याचे १ मिलिग्रॅम. शेवटी इलेक्ट्रोलाइट. लेपातली आणि पडद्यातली सगळी छिद्रे त्याने भरावी लागतात, कारण कोरड्या राहिलेल्या छिद्रालगतचा कण निकामी ठरतो. त्याचे सुमारे ६ मिलिग्रॅम. बेरीज साडेसदतीसच्या आसपास जाते आणि ३२० चे २०५ होतात. त्यावर कवच, झाकण, टोके आणि जोडपट्ट्या एकूण वजनाच्या १५ टक्के धरल्या, तर तयार सेल सुमारे १७५ वॅट-तासांवर येतो. कोणताही घटक निकृष्ट नसताना जवळपास निम्मा आकडा असा वजनात विरतो.

वेगवान चार्जिंगचा प्रश्न इथेच गुंततो. चार्ज होताना आयनांना लेपातील अरुंद, वळणावळणाच्या छिद्रांतून शेवटच्या कणापर्यंत पोहोचावे लागते. लेप जाड असेल तर वरचे कण भरून जातात आणि फॉइलजवळचे उपाशी राहतात. म्हणून वेग हवा असेल तर लेप पातळ करणे हा सरळ उपाय आहे. पण लेप पातळ झाला म्हणून फॉइल पातळ होत नाही. वरच्याच हिशेबात लेप चौपट पातळ केला, तर सक्रिय पदार्थ ६ मिलिग्रॅम उरतो आणि दोन फॉइलचे ५.४ मिलिग्रॅम मात्र तसेच राहतात. इलेक्ट्रोलाइट आणि कवच त्या प्रमाणात कमी केले, तरी तयार सेल ११० वॅट-तासांच्या आसपास येतो. सक्रिय पदार्थाचा आकडा या दोन्ही सेलमध्ये तोच, ३२०. त्यामुळे पातळ लेपावर मोजलेला वेग आणि जाड लेपाची ऊर्जा एकाच सेलची म्हणून सांगता येत नाही.

सोडियमच्या बाजूने एक मुद्दा मात्र जमेचा आहे. ॲनोडच्या कमी विभवाला लिथियम ॲल्युमिनियमशी संमिश्र बनवतो, म्हणून तिथे तांबे वापरावे लागते. सोडियम तसे करत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालते. तांब्याच्या जागी तीच १३ मायक्रॉनची फॉइल घातली, तर प्रति चौरस सेंटिमीटर १.८ मिलिग्रॅम वाचतात. पातळ लेपाच्या सेलमध्ये, कवच वगळता, ही बचत सुमारे १२ टक्के ठरते. उलट बाजूही आहे. सेलचे व्होल्टेज हा दोन इलेक्ट्रोडच्या विभवांमधला फरक असतो. जक्कूरच्या गटाने निवडलेल्या नासिकॉन प्रकारच्या फॉस्फेट ॲनोडचे विभव सोडियम धातूपेक्षा बरेच वर असते. त्यामुळे सोडियम धातू साचण्याचा धोका टळतो आणि वेगाने चार्ज करणे सुरक्षित होते, पण तितके व्होल्टेज गमवावे लागते आणि त्याबरोबर ऊर्जाही. फॉइलने दिलेली बचत ॲनोडने खर्च केलेल्या ऊर्जेला पुरते का, हे संपूर्ण सेल तराजूवर ठेवल्याखेरीज ठरत नाही.

हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. बेंगळुरूच्या रस्त्यांवर धावणाऱ्या विजेच्या स्कूटरला ३ किलोवॅट-तासांचे सेल बसवायचे आहेत असे समजा. ३२० च्या आकड्याने ते साडेनऊ किलोंचे भरतील. १७५ ने सतरा, आणि ११० ने सत्तावीस किलोंचे. वर पॅकची पेटी आणि तारा वेगळ्याच. बातमी पहिल्या आकड्याची आणि ओझे तिसऱ्या आकड्याचे, अशी फसगत अखेरीस ग्राहकाच्या माथी येते.

म्हणून बॅटरीच्या प्रत्येक घोषणेसोबत दोन गोष्टी छापल्या जाव्यात. ऊर्जेच्या आकड्याखालच्या छेदात काय काय धरले आहे ही पहिली, आणि चौरस सेंटिमीटरमागे किती मिलिग्रॅम लेप देऊन मोजमाप झाले ही दुसरी. संशोधकाला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात आणि शोधनिबंधात त्या बहुधा सापडतात. गळतात त्या प्रसिद्धिपत्रकात. तिथे त्यांना जागा मिळाली, तर कमी ऊर्जेचा पण वेगवान, टिकाऊ आणि लिथियमविरहित सेलही आपल्या खऱ्या गुणांवर उभा राहील. ठरलेल्या थांब्यांवर वारंवार चार्ज होणाऱ्या रिक्षाला तो कदाचित अधिक उपयोगी ठरेल. त्याची शिफारस करण्यासाठी दुसऱ्याच किलोग्रॅमचा आकडा उसना घेण्याची गरज नाही.