चातुर्मास, पालेभाजी आणि वॉरफॅरिनची मात्रा

हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याने रक्ताची गुठळी होऊ नये, म्हणून ७२ वर्षांचे एक आजोबा वॉरफॅरिन घेत असत. मात्रा दररोज ४, म्हणजे आठवड्याला २८ मिलिग्रॅम. रक्त किती वेळात गोठते हे दर्शविणारा ‘आयएनआर’ हा आकडा त्यांच्या बाबतीत २ ते ३ च्या दरम्यान राखावयाचा होता. आषाढात तो २.४ होता.

रुग्णालयाचे सूचनापत्र इंग्रजीत होते. नातवाने ते मराठीत समजावून दिले. ‘पालेभाज्यांचे प्रमाण सारखे ठेवा’ या सूचनेचा अर्थ त्याने ‘पालेभाज्या बंद करा’ असा लावला. त्यातच चातुर्मास लागला आणि घरात पालेभाज्या वर्ज्य झाल्या. पथ्य आणि नियम दोन्ही साधले, असे सर्वांस वाटले. चार आठवड्यांनी दात घासताना आजोबांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तपासणीत आयएनआर ३.८ निघाला.

गोळी तीच असता असे का व्हावे? पालक, मेथी यांत जीवनसत्त्व ‘के’ विपुल असते. यकृत त्याच्या साहाय्याने रक्त गोठविणारे घटक तयार करते आणि वॉरफॅरिन नेमके तेच काम रोखते. भाजी थांबली की तीच मात्रा अधिक प्रभावी ठरते. भाजी वाढली की अपुरी पडते.

डॉक्टरांनी औषध बंद केले नाही. सोमवारी व शुक्रवारी ३ आणि उरलेल्या पाच दिवशी ४, अशी आठवड्याची मात्रा २६ मिलिग्रॅमवर आणली. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासण्याचा सुनेचा आग्रह त्यांनी मानला नाही. कारण बदललेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे आठवडा लागतो. आठवड्यानंतर आकडा २.७ आला.

कार्तिकी पौर्णिमेनंतर मात्र ताटात रोज मेथी येऊ लागली आणि डॉक्टरांना कळविण्याचे राहून गेले. पुढील तपासणीत आयएनआर १.६ होता. आता धोका रक्तस्रावाचा नसून गुठळीचा, म्हणजेच पक्षाघाताचा होता. मात्रा पुन्हा २८ करावी लागली.

तेव्हा नातवाने सूचनापत्राचे भाषांतर नव्याने लिहिले: ‘भाजी वर्ज्य नाही, पण तिचे प्रमाण एकाएकी बदलू नये. चातुर्मास लागण्यापूर्वी व संपण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे आणि बदलानंतर आठवड्याभरात रक्त तपासावे. उपवास किंवा आयंबिल करावयाचे असल्यास तेही आधी सांगावे. मात्रा स्वतः कमी-जास्त करू नये. काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्यास मार लागल्यास तपासणीची तारीख न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे.’

हा कागद आता औषधांच्या डबीवर चिकटविलेला आहे. त्याखाली तारीख, मात्रा आणि आयएनआर असे तीन रकाने असून ते भरण्याचे काम सुनेकडे आहे.