सूर्येचे पाणी आणि तारापूरची वाफ

धामणीचे धरण बांधले गेले ते प्रामुख्याने डहाणू, पालघर आणि विक्रमगडच्या शेतीसाठी. पुढे त्याच सूर्या नदीच्या पाण्यावर तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली आणि वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठी दररोज ४०.३ कोटी लिटरची योजना आखली गेली. या ओढाताणीत वनवासी पाड्यांचा हंडा मात्र उन्हाळ्यात रिताच राहतो. समोर अथांग समुद्र आहे आणि किनाऱ्यावर वाफ निर्माण करणारे अणुवीज केंद्र आहे. मग या दोहोंचा मेळ का घालू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र भावनेने नव्हे, हिशेबाने द्यावयास हवे.

हिमालयातील उंच ठाण्यांवर पाणी लवकर उकळते, पण डाळ शिजत नाही, हे आपण ऐकलेले असते. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. ‘मल्टिस्टेज फ्लॅश’ या पद्धतीचा पाया हाच. समुद्राचे पाणी दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत तापवतात आणि थोडा कमी दाब असलेल्या कक्षात सोडतात. तेथे ते एकाएकी उकळते. या उकळण्याला लागणारी उष्णता पाणी स्वतःतूनच देते, म्हणून ते एक-दोन अंशांनी निवते. पुढील कक्षात दाब आणखी कमी असतो. तेथे तेच निवलेले पाणी नव्याने इंधन न जाळता पुन्हा उकळते. शेवटच्या कक्षात जवळजवळ निर्वात स्थिती असते आणि ४० अंशांचे पाणीही तेथे उकळते.

प्रत्येक कक्षातील वाफ नळ्यांवर थंड होऊन गोडे पाणी बनते. त्या नळ्यांतून आत येणारे समुद्राचे पाणी वाहत असते. वाफेने सोडलेली उष्णता त्यालाच मिळते. एका कक्षात दोन अंश उतरले तर हजार लिटरमागे जेमतेम साडेतीन लिटर पाणी हाती येते. म्हणूनच कक्षांची लांब रांग लागते.

भाभा अणुसंशोधन केंद्राने ही विद्या तुर्भे येथे स्वबळावर सिद्ध केली आणि कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राला जोडून दररोज ४५ लाख लिटरचा संच उभारला. तेथे एक किलो वाफेमागे नऊ किलो गोडे पाणी मिळावे, अशी रचना होती. हे स्वदेशी यश निःसंशय अभिमानास्पद आहे.

परंतु केंद्र समुद्रात सोडते ते कोमट पाणी फुकट मिळते, म्हणून गोडे पाणीही फुकट मिळेल, हा समज चुकीचा आहे. या कामाला १२० अंशांहून अधिक तापलेली वाफ लागते आणि ती टर्बाइनमधूनच काढावी लागते. ४५ लाख लिटरसाठी दिवसाला सुमारे ५०० टन वाफ लागेल. तिच्यापासून साधारण तीन मेगावॅट वीज झाली असती. म्हणजे हजार लिटरमागे सुमारे १६ युनिट विजेवर पाणी सोडावे लागते. पटलांतून पाणी गाळणाऱ्या ‘आरओ’ पद्धतीला तीन-चार युनिट पुरतात. शिवाय ४५ लाख लिटर हा सूर्येच्या शहरी योजनेचा जेमतेम नव्वदावा हिस्सा भरतो. शहरांच्या तहानेवर हा उतारा नव्हे.

मग त्याचा उपयोग कोठे? वाफेपासून मिळालेले पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. बॉयलरला आणि काही रासायनिक प्रक्रियांना असेच पाणी हवे असते. आज त्यासाठी नदीचे गोडे पाणी घेऊन ते आणखी शुद्ध करावे लागते. ही गरज समुद्राने भागवावी आणि वाचलेले सूर्येचे पाणी पाड्यांना लेखी हमीने द्यावे, एवढीच रास्त मागणी आहे.

त्यातही पथ्ये आहेत. १९६९ च्या पहिल्या दोन संचांत अणुभट्टीत उकळलेली वाफच टर्बाइनला जाते. ती येथे नको. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या संचांत टर्बाइनची वाफ वेगळ्या पाण्याची असते. तरीही मध्ये एक बंद वलय ठेवावेच. पाणी १२० अंशांपलीकडे तापवले तर नळ्यांत कॅल्शियम सल्फेटचे कठीण पुट चढते. तेवढ्याच पाण्याला अधिक वाफ लागू लागली, की एकतर पुट चढले आहे किंवा कक्षांत बाहेरची हवा शिरते आहे, असे समजावे.

सर्वांत मोठे पथ्य कारखानदारांचे आहे. क्षार तळाशी राहतात, पण उडून जाणारी रासायनिक द्रव्ये वाफेबरोबर वर जातात आणि गोड्या पाण्यात उतरतात. तारापूरचे सांडपाणी समुद्रात मिसळत राहिले, तर हे यंत्र ते विष गाळून देणार नाही. ज्या समुद्राकडे पाणी मागायचे, त्याचे गटार करणे आधी थांबवले पाहिजे. सागराला देव मानणाऱ्या समाजाकडून ही अपेक्षा फार मोठी नाही.