दावा विमा कंपनीच्या टेबलावर, व्याज कामगाराच्या माथ्यावर

चेन्नई सेंट्रलपासून उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्रच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी आहे. तामिळनाडू सरकारच्या सिपकॉट महामंडळाची तेथील औद्योगिक वसाहत पोलादाच्या रोलिंग मिल, ओतशाळा, रासायनिक कारखाने आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या उद्योगांनी भरलेली आहे. भट्टी, प्रेस आणि क्रेन यांच्या सान्निध्यात राबणाऱ्या माणसाला इस्पितळाची पायरी केव्हा चढावी लागेल, याचा नेम नसतो. अशा कामगाराला आता विम्याचे कवच असूनही इस्पितळाचे बिल कर्जाने का भागवावे लागते, या प्रश्नाकडे आम्ही सभासदांचे लक्ष वेधू इच्छितो. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरी येथील साथींना त्यात आपलीच कहाणी दिसेल.

या दुरवस्थेचे मूळ वेतनमर्यादेत आहे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली कामगार राज्य विमा योजना ही कामगारवर्गाने मिळविलेल्या मोलाच्या हक्कांपैकी एक. तिच्या इस्पितळांत कामगाराच्या हाती बिल ठेवले जात नाही. परंतु १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० रुपये ठरलेली मासिक वेतनमर्यादा पुढील आठ वर्षे तसूभरही हलली नाही. या काळात महागाईने रुपयाची किंमत घटविली, वेतनाचे आकडे फुगले आणि ज्याचे खरे वेतन वाढलेच नाही असा कामगार या मर्यादेपलीकडे ढकलला गेला. तेथे त्याच्या वाट्याला आली ती मालकाने खासगी कंपनीकडून घेतलेली सामुदायिक आरोग्यविमा पॉलिसी. हे संक्रमण म्हणजे बढती नव्हे.

आकडे मांडून पाहू. समजा, दरमहा २३,००० रुपये मिळविणाऱ्या कामगारावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. जवळचे खासगी इस्पितळ विमा कंपनीच्या यादीत नव्हते, म्हणून आधी पैसे भरा आणि मागून दावा करा, असे त्याला सांगण्यात आले. बिल झाले १,४०,००० रुपये. ६०,००० त्याने क्रेडिट कार्डावर भरले. उरलेल्या ८०,००० साठी रोखपालाच्या खिडकीजवळ बसलेल्या वित्त कंपनीच्या माणसाने सहा हप्त्यांचे ‘बिनव्याजी’ वैद्यकीय कर्ज करून दिले. विम्याचे पैसे आले की सारे फिटेल, या विश्वासाने कुटुंब घरी परतले.

हा विश्वास दोन ठिकाणी फसतो. पहिले ठिकाण म्हणजे पॉलिसीतील खोलीभाड्याचे कलम. विम्याची रक्कम दोन लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० रुपये, अशी पॉलिसी असेल आणि प्रत्यक्षात ४,००० रुपयांची खोली मिळाली असेल, तर कपात केवळ भाड्यातून होत नाही. त्याच प्रमाणात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांचा आकारही निम्मा केला जातो. औषधे व तपासण्या या कपातीतून वगळलेल्या असतात. आपल्या उदाहरणात चार दिवसांचे भाडे १६,०००, म्हणून मंजूर ८,०००. डॉक्टर व शस्त्रक्रिया ६४,०००, मंजूर ३२,०००. औषधे व तपासण्या ४८,०००, पूर्ण मंजूर. हातमोजे, नोंदणी वगैरे १२,०००, मंजूर शून्य. हाती येणार ८८,००० रुपये. ५२,००० ची तूट दाव्यावर सही करण्यापूर्वीच ठरलेली होती. स्वस्त खोली शिल्लक नव्हती, हे कारण ऐकून घेण्याची तोशीस कोणी घेत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे काळ. कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण फेडले तरच व्याज लागत नाही. एकदा नुसती किमान रक्कम भरली की व्याज थेट व्यवहाराच्या दिवसापासून मोजले जाते आणि नव्या खरेदीवरील सवलतही जाते. दरमहा साडेतीन टक्के दराने ६०,००० वर २,१०० रुपये व्याज आणि त्या व्याजावर अठरा टक्के वस्तू-सेवा कर, मिळून २,४७८ रुपये. कामगार दरमहा किमान रक्कम म्हणून सुमारे ३,००० भरतो, त्यातले बहुतेक यातच गडप होतात. शिवाय कर्जाचा हप्ता १३,३३४. तेवीस हजारांच्या घरात सोळा हजार गेले, मग चूल कशावर पेटायची?

इकडे विमा कंपनीची मुदत मात्र ‘शेवटचा आवश्यक कागद’ मिळाल्यापासून सुरू होते, आणि शेवटचा कागद कोणता हे कंपनीच ठरविते. महिन्याने पत्र येते : इस्पितळातील केसपेपर जोडा, औषधबिलांवर क्रमांक नाहीत. समजा, पैसे पंचाहत्तराव्या दिवशी आले. तोवर दोन हप्ते आणि कार्डाचे सुमारे सहा हजार, मिळून जवळपास तेहतीस हजार खिशातून गेलेले असतात, आणि ८८,००० पुरते भरल्यावरही सुमारे चोवीस हजारांचे कर्ज शिल्लक राहते.

मुदत उलटल्यास कंपनीनेही व्याज द्यावे, असा विमा नियामकाचा नियम आहे. दर बँकदराहून दोन टक्के अधिक. १ एप्रिल २०२५ रोजी बँकदर ६.५ टक्के होता, म्हणजे वर्षाला साडेआठ टक्के. ८८,००० वर महिन्याला सुमारे ६२० रुपये. कामगार बेचाळीस टक्क्यांनी देतो, कंपनी साडेआठ टक्क्यांनी, आणि तेही मागितल्यावाचून क्वचितच. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरील व्याजाला वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हा अधिकार आयोगाचा नव्हे, असे म्हणून ती रद्द केली. ज्या रिझर्व्ह बँकेकडे अधिकार आहे, ती आकड्याची मर्यादा घालण्यास राजी नाही. सावकारी कायद्यांनी गावच्या सावकाराला तरी वेसण घातली होती!

तेव्हा आमच्या संघटनांनी दाखल्याच्या पहिल्या दिवसापासून कामगारापाशी उभे राहिले पाहिजे. यादीबाहेरच्या इस्पितळातही रोकडरहित सोय मागता येते; २०२४ च्या जानेवारीत सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने ती जाहीर केली. तातडीच्या दाखल्यानंतर ४८ तासांत कंपनीला कळवावे लागते आणि होकार देणे कंपनीच्या हाती राहते, पण मागितलेच नाही तर नकारही लेखी मिळत नाही. घरी सोडतानाच केसपेपरची प्रत, क्रमांकित बिले आणि भरल्याच्या पावत्या घ्याव्यात, कारण पुढे त्यांसाठीच महिना जातो. ‘बिनव्याजी’ कर्जावर सही करण्यापूर्वी मुख्य तथ्यपत्रक मागावे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या कर्जांना ते बंधनकारक आहे आणि प्रक्रियाशुल्कासह खरा वार्षिक दर त्यातच दिसतो. दाव्याचे पैसे आले की आधी कार्ड मिटवावे. भविष्यनिर्वाह निधीतून आजारासाठी रक्कम काढता येते आणि ती फेडावी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे, जरी म्हातारपणाची पुंजी आजाराला वाहणे हा काही उपाय नव्हे.

आणखी एक गोष्ट वेतनपत्रकातच तपासावी. राज्य विम्याची मर्यादा ठरविताना ओव्हरटाइमची रक्कम धरायची नसते, आणि सहामाहीच्या मध्येच वेतन मर्यादेबाहेर गेले तरी ती वर्गणीची सहामाही संपेपर्यंत कामगार योजनेतच राहतो. ओव्हरटाइम मिळवून आकडा तेवीस हजार दाखविणारा आणि आपली सव्वातीन टक्क्यांची वर्गणी वाचविणारा मालक आढळला, तर प्रकरण राज्य विमा महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात न्यावे.

मालकांशी होणाऱ्या पुढील करारात दोन कलमे आग्रहाने घातली पाहिजेत : सामुदायिक पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा नसावी, आणि दावा प्रलंबित असेतो बिलाची रक्कम मालकाने बिनव्याजी उचल म्हणून द्यावी, जिची वसुली विमा कंपनीकडून थेट व्हावी. केंद्र सरकारपाशी मागणी आहे ती वेतनमर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडण्याची, आणि दावा रखडविणाऱ्या कंपनीकडून कामगार कार्डावर जे व्याज भरतो त्याच दराने व्याज वसूल करण्याची.